तीर्थरूप बाबांस

प्रतापनगर, नागपूर
१८ जानेवारी

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

एकाच गावात राहून पत्र लिहिते आहे याचे तुम्हांला नवल वाटेल. पण समोर बसून जेवणाचा विषय काढला की तुमच्या तोंडापुढे वर्तमानपत्र येते, म्हणून ही चिठ्ठी डब्यासोबत पाठवते आहे.

तीन महिन्यांची साखर ८.६ टक्के आल्यापासून तुम्ही चहात साखरेऐवजी गूळ घालू लागलात. तुमचा निश्चय मोठा आहे, परंतु गूळही रक्तातली साखर वाढवतोच. त्यापेक्षा चहा फिकाच घ्यावा, जीभ हळूहळू सरावते.

खरी अडचण ताटात आहे. रविवारी तुमच्या शेजारी जेवताना पाहिले, की वरणभाताच्या दोन मुदी आणि तीन पोळ्या होत्या, आणि उजवीकडची मेथीची भाजी मात्र डावीकडच्या चटणीएवढीच होती. मी काही बंद करा म्हणत नाही; फक्त निम्मे ताट भाजी-कोशिंबिरीचे असावे, आधी ती आणि वाटीभर घट्ट वरण खाऊन मग दोन पोळ्या घ्याव्यात, आणि भात शेवटी एक लहान वाटी. भाजीतला चोथा आणि डाळीतली प्रथिने आधी पोटात गेली, की मागून येणाऱ्या पोळी-भाताची साखर रक्तात सावकाश उतरते. रात्री भाताऐवजी ज्वारीची भाकरी आणि झुणका चालेल, पण भाकरी आहे म्हणून तीन नकोत.

काटोलहून मामांनी पाठवलेली संत्री तुम्ही रस काढून पिता. एका पेल्यात तीन-चार संत्री जातात आणि चोथा गाळणीत राहतो. त्याऐवजी एकच संत्रे सोलून, फोडी चावून खावे. चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी तर निव्वळ पिष्ट आहे, आणि गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहणे त्याहून वाईट. आई तुम्हांला हे सांगणार नाही, कारण खिचडी तिलाही आवडते.

जेवण बदलल्यावर गोळीचे प्रमाण तेच ठेवायचे का, हे डॉक्टरांना आधी विचारू. तोवर मी आणून दिलेल्या यंत्रावर सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजून कॅलेंडरवर लिहावी. घाम सुटून हात थरथरू लागले आणि आकडा ७० च्या खाली दिसला, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि मला फोन करावा. तेवढ्यापुरती साखरेला माझी परवानगी आहे.

रविवारी फिरून झाल्यावर मित्रांसोबतचे तर्री पोहे मोडू नका. मी सकाळी सातला महालात येते, अर्धी प्लेट माझी.

तुमची,
माई