जत्रेचं पोस्टर, छापायच्या आधी

मारुती : हे असं प्रेसला द्यायचं न्हाई. वर सतरा फोटो, आणि महालक्ष्मीचा मुखवटा कोपऱ्यात बिल्ल्याएवढा. जत्रा कुणाची हाय?

सुरेश : पोरानं रंग मात्र छान धरलाय बघ. भंडाऱ्याचा पिवळा, त्यावर कुंकवाचा लाल. रस्त्याच्या पल्याडून वाचता येतंय. देणगीदारांचं मन मोडायला नको, त्यांची नावं खाली एका पट्टीत घेऊया आणि फोटो एकच, कमिटीचा ग्रुप.

मारुती : ते चाललं. पण तारीख हिरव्या पट्टीवर लाल अक्षरात का घातलीय? अंधार पडला की अक्षरं धड वाचता येत न्हाईत. आणि ती तारीखच चुकलीय. ‘मंगळवार, 11 फेब्रुवारी’! 2026 मध्ये मंगळवार 10 ला येतोय. देवीच्या लग्नाच्या अक्षता मंगळवारी पहाटे. बुधवारी पोचलेल्या पाहुण्यांना काय सांगणार?

सुरेश : बरं झालं आत्ताच दिसलं. वारावरनंच लोक लक्षात ठेवतात, तेव्हा वार मोठा करूया. सालही घालायला सांगतो, जुना बॅनर कुठं तरी टांगलेला असतोयच.

मारुती : कन्नड ओळ बघितलास? नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटल्यात.

सुरेश : मजकूर चुकला नसणार. नुडीच्या जुन्या फाँटमध्ये टाईप केलंय, आणि इथल्या कॉम्प्युटरवर तो फाँट न्हाई. ज्यावर टाईप केलं तिथंच फाईल उघडून अक्षरं कर्व्हज करायची, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार उरतात आणि फाँट लागत न्हाई. त्याआधी कन्नड वाचणाऱ्या कुणाला तरी दाखवूया. एकदा कर्व्हज झाली की काना-मात्रा दुरुस्त करता येत न्हाई, म्हणून मूळ फाईल वेगळी ठेवायची.

मारुती : आपलं मराठी तरी कुठं धड हाय? ‘कार्यक्रम’मधला रफार पुढच्या अक्षरावर गेलाय. शिवाय मुखवट्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरनं उचललेला. रुंदी 1080 पिक्सेल. मोठा करून 4 फुटांवर ताणला तर इंचाला 22च पिक्सेल येतात. नथ आणि मळवट एकमेकांत मिसळणार.

सुरेश : देवळात जाऊन नवा काढूया की, उजेड असताना. पाठवताना मात्र डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, म्हणजे फोटो दबत न्हाई.

मारुती : ‘दुपारी कुस्त्या’ म्हणजे किती वाजता? पैलवान निपाणीकडनं येणार, परतीची बस बघणार. ‘3 वाजता’ असं लिही. ओटी भरायची वेळ तर कुठंच न्हाई. बायका उन्हात रांगेत ताटकळतात, कारण वेळच ठाऊक नसते.

सुरेश : हे तू अगदी बरोबर धरलंस. बुधवारपासून सकाळी 7 ते दुपारी 1, असं ठळक घालूया.

मारुती : आणि खालची 2 इंच रिकामी सोडायला सांग. फ्लेक्सची कड दुमडून रिंगा मारतात, देणगीदारांची पट्टी नेमकी तिथंच जाईल.

सुरेश : सांगतो. आधी साध्या ए-फोर कागदावर एक प्रिंट काढून देवळात लावूया, पुजारी आणि पंच बघू देत. मग फ्लेक्स.