बाबांची साठी: खर्चाचं ठरवू या

दादा, ताई, छोटी, या ग्रुपवर आई-बाबा नाहीत म्हणून इथेच लिहितोय. साठीशांतीचा अंदाज काढला: हॉल ८,०००, साठ पानं ३५० प्रमाणे २१,०००, गुरुजी आणि पूजासाहित्य ६,०००. एकूण ३५,०००. सारखे भाग नकोत असं मला वाटतं, ताईच्या घराचा हप्ता नुकताच सुरू झालाय. मी १५, दादा १२, ताई ८ हजार, चालेल? छोटीचं कॉलेज चालू आहे, तिच्याकडून काही घ्यायचं नाही. साठ दिव्यांच्या ओवाळणीची तयारी तिने बघावी. बाबा पाकीट काढतीलच, पण त्यांचा एक रुपयाही घ्यायचा नाही. गोडाला पुरणपोळीच सांगू, त्यांना तीच आवडते. हॉलचा ॲडव्हान्स रविवारपर्यंत भरायचाय. कुणाला आकडा जड वाटला तर सरळ मला फोन करा, जुळवून घेऊ.