तौहीद आणि ईमानच्या सहा गोष्टी: नववी-दहावीसाठी नोट्स आणि सराव

मुलांनो, शनिवारी या धड्यावर छोट्या उत्तरांची टेस्ट आहे, त्याआधी हे एकदा नीट वाचा. सगळ्यात आधी तौहीद, कारण ते पक्कं झालं की बाकीचं आपोआप जुळतं. तौहीद म्हणजे अल्लाह एकच आहे, त्याला कुणी भागीदार नाही, त्याच्यासारखं कुणीच नाही आणि इबादत फक्त त्याचीच. याचा सगळा गाभा सूरह इख्लासमध्ये आहे, कुरआनची ११२वी सूरह, फक्त चार आयती: तो एक आहे, तो कुणावर अवलंबून नाही पण सगळे त्याच्यावर अवलंबून आहेत, त्याला मूल नाही आणि तो कुणापासून जन्मला नाही, त्याच्या बरोबरीचं कुणी नाही. नमाजमध्ये अत्तहिय्यातला बसल्यावर उजव्या हाताचं शहादतचं बोट वर करतात ना, ती याच एकपणाची साक्ष. याच्या उलट शिर्क, म्हणजे अल्लाहसोबत दुसऱ्याला भागीदार मानणं, आणि इस्लाममध्ये सगळ्यात मोठा गुन्हा तोच.

आता सहा गोष्टी: अल्लाह, फरिश्ते, किताबं, पैगंबर, आखिरतचा दिवस आणि तकदीर. सूरह निसाच्या १३६व्या आयतीत पहिल्या पाच एकत्र येतात, तकदीरसकट सहाही हदीस-ए-जिब्रीलमध्ये. ही सुन्नी यादी झाली. शियांमध्ये पाच मूळ तत्त्वं सांगतात: तौहीद, अदल, नुबुव्वत, इमामत, कयामत, आणि प्रश्नात शिया असं लिहिलं असेल तर हीच लिहा. आणि प्लीज, नमाज-रोजा-जकात इथे लिहू नका, ते इस्लामचे पाच अरकान, म्हणजे करायच्या गोष्टी, इथे आपण मानायच्या गोष्टी बघतोय. दरवर्षी मार्क इथेच जातात.

सराव (प्रत्येकी २ मार्क, दोन-तीन वाक्यं पुरे)

प्र. १ शिर्क म्हणजे काय?
उ. अल्लाहच्या सत्तेत किंवा इबादतीत दुसऱ्याला भागीदार करणं. हे तौहीदच्या थेट विरुद्ध आहे.

प्र. २ चार किताबं कोणत्या पैगंबरांवर उतरली?
उ. तौरात मूसा, जबूर दाऊद, इंजील ईसा (अलैहिस्सलाम) आणि कुरआन हजरत मुहम्मद (सल्लल्लाहु अलैहि वसल्लम) यांच्यावर.

प्र. ३ जिब्रीलचं काम काय?
उ. अल्लाहचा संदेश, म्हणजे वही, पैगंबरांपर्यंत पोचवणं. ते फरिश्ते आहेत, त्यांची इबादत करत नाहीत.

प्र. ४ आखिरतवरच्या विश्वासाचा वागण्यावर काय परिणाम होतो?
उ. प्रत्येक कामाचा हिशोब द्यायचाय हे माहीत असल्यामुळे माणूस कुणी बघत नसतानाही खोटं, फसवणूक टाळतो.

प्र. ५ सगळं तकदीरमध्ये लिहिलंय तर मेहनत कशाला?
(हे उत्तर तुम्हीच लिहा, उद्या वर्गात प्रत्येकाचं वाचून घेईन. हिंट: अल्लाहला सगळं आधीच माहीत आहे, पण निवड माणूस करतो आणि हिशोब त्या निवडीचाच होतो.)