प्रक्रिया नोंदवही: जिल्हा निवासी कार्यक्रम

एम.डी. जनरल मेडिसिन, दुसरे वर्ष. कोकणातील जिल्हा रुग्णालय, जून ते ऑगस्ट 2025.

वॉर्डातल्या डायरीतल्या नोंदी इथे कौशल्यानुसार लावल्या आहेत. रुग्णांची नावे घेतलेली नाहीत.

देखरेखीच्या पातळ्या: पा – फक्त पाहिले. म – मदत केली. दे – सर शेजारी उभे असताना स्वतः केले. स्व – स्वतः केले, सर हाकेच्या अंतरावर. डायरीत शेजारी कोण होते ते लिहिलेले नसेल, तर ड्यूटी रजिस्टर पाहून ठरवले. तरीही उलगडा झाला नाही तिथे खालची पातळी लावली आहे.

सर्पदंश: 20 मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी
पातळी: स्व. सक्षमता: स्वतंत्रपणे करू शकते.
भातलावणी सुरू झाल्यावर फुरसे आणि घोणस चावलेले रुग्ण येत राहिले, त्यामुळे हात इथे चांगला बसला. शिरेतले 2 मिली रक्त नव्या, कोरड्या, काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटे न हलवता ठेवायचे, मग नळी एकदाच तिरकी करायची. साबणाने धुतलेली किंवा प्लॅस्टिकची नळी चालत नाही. त्यात चांगले रक्तही गोठत नाही आणि नको असताना प्रतिविष दिले जाते. म्हणून नळ्यांचा वेगळा डबा अपघात विभागात ठेवून घेतला.

प्रतिविष देणे
पातळी: दे. सक्षमता: देखरेखीखाली करू शकते.
मिश्रण तयार करणे आणि ठिबक लावणे जमते. खरी परीक्षा पहिल्या काही मिनिटांत असते: अंगावर गांधी, उलटी, रक्तदाब घसरणे. तेव्हा ठिबक थांबवून मांडीच्या स्नायूत 0.5 मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिन. इंजेक्शन आधीच भरून उशाशी ठेवलेले असते. अशी प्रतिक्रिया आली तेव्हा ॲड्रेनॅलिन मीच दिले, पण ठिबक पुन्हा कधी सुरू करायचे हे सरांनी ठरवले. तो निर्णय माझा होईपर्यंत इथे ‘स्व’ लिहिणे मला पटत नाही, सरांनाही नाही.

छातीतले पाणी काढणे
पातळी: स्व. सक्षमता: स्वतंत्र.
सोनोग्राफीने जागा पाहून, बरगडीच्या वरच्या कडेने सुई. एका वेळी दीड लिटरपेक्षा जास्त नाही. खोकला किंवा छातीत दुखू लागले तर त्याआधीच थांबवले.

कण्यातले पाणी काढणे
पातळी: दे. सक्षमता: देखरेखीखाली.
कुशीवर झोपवून, तिसऱ्या-चौथ्या कंबरमणक्यांमध्ये. वयस्कर, ताठ कण्याच्या रुग्णात सुई सरांनी घेतली. ती नोंद ‘म’ म्हणून वेगळी आहे.

श्वासनलिकेत नळी घालणे
पातळी: म. सक्षमता: अजून नाही.
लेप्टोच्या रुग्णाच्या फुप्फुसातून रक्त येत होते, स्वरयंत्र दिसतच नव्हते. सक्शन मी धरले, नळी भूलतज्ज्ञांनी घातली.

मार्गदर्शकांचा शेरा: प्रतिविषाचे पुढचे रुग्ण हिनेच शेवटपर्यंत सांभाळावेत, ठिबक पुन्हा सुरू करण्याचा निर्णय हिने आधी बोलून दाखवावा, मी नंतर बोलेन. नळी घालण्यासाठी सकाळी ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञांबरोबर पाठवत आहे.