साठवलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरीची पसंती: संवेदी मूल्यमापनाचे निकाल

ज्वारीचे पीठ दळून ठेवले की दिवसागणिक त्याची विरी कमी होते, भाकरी थापताना कडा चिरतात आणि चवीला कडवटपणा येतो, हा घराघरातला अनुभव आहे. हा फरक खाणाऱ्याच्या पसंतीत किती दिवसांनी उतरतो, हे तपासण्यासाठी एकाच पोत्यातील मालदांडी ज्वारी चार वेगवेगळ्या दिवशी दळण्यात आली. भाकऱ्या करण्याच्या दिवशी सकाळी दळलेले (ताजे), १० दिवसांपूर्वीचे, २० दिवसांपूर्वीचे आणि ३० दिवसांपूर्वीचे, अशी चार पिठे त्यामुळे एकाच वेळी हाताशी आली. साठवणीचे पीठ झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात खोलीच्या तापमानाला ठेवले होते. सर्व भाकऱ्या एकाच व्यक्तीने, गरम पाण्यात पीठ मळून, एकाच तव्यावर भाजल्या.

रोजच्या जेवणात ज्वारीची भाकरी खाणाऱ्या १२ परीक्षकांनी एकाच बैठकीत चारही भाकऱ्यांना एकूण पसंतीचे गुण दिले. नऊ गुणांच्या पट्टीवर ९ म्हणजे 'अतिशय आवडली', ५ म्हणजे 'आवडली असेही नाही, नावडली असेही नाही' आणि १ म्हणजे 'अजिबात आवडली नाही' असा अर्थ परीक्षकांना आधी समजावून सांगितला होता. नमुने तीन अंकी सांकेतिक क्रमांकांनी, भाजीशिवाय, गरम असताना दिले आणि दोन नमुन्यांच्या मध्ये पाण्याने चूळ भरण्यास सांगितले. वाढण्याचे चार क्रम असे आखले होते की प्रत्येक नमुना प्रत्येक स्थानी सारख्याच वेळा यावा. प्रत्येक क्रम तीन परीक्षकांना मिळाला.

हे गुण क्रमवाचक आहेत. ८ आणि ७ यांतील अंतर ५ आणि ४ यांतील अंतराइतकेच आहे, असे मानायला आधार नाही. म्हणून सरासरी व प्रमाण विचलन न देता मध्यक आणि किमान-कमाल गुण दिले आहेत. त्याच परीक्षकांनी चारही नमुने चाखल्याने निरीक्षणे परस्परांपासून स्वतंत्र नाहीत. त्यामुळे प्रत्येक परीक्षकाच्या गुणांना त्याच्या स्वतःच्या चार गुणांमध्येच क्रमांक देणारी, मिल्टन फ्रीडमन यांनी १९३७ साली मांडलेली चाचणी वापरली. यामुळे हात सैल सोडून गुण देणारा आणि आखडून देणारा परीक्षक यांच्यातील फरक तुलनेत येत नाही. सर्वांत कमी गुणाला क्रमांक १, सर्वांत जास्त गुणाला ४ आणि समान गुणांना क्रमांकांची सरासरी असा नियम ठेवला. सार्थकता पातळी ०.०५ ही गुण गोळा करण्यापूर्वीच ठरवली होती.

| पीठ | मध्यक | किमान–कमाल | क्रमांकांची बेरीज | सरासरी क्रमांक |
|---|---|---|---|---|
| ताजे | ८ | ७–९ | ४४ | ३.६७ |
| १० दिवस | ७.५ | ६–८ | ३८ | ३.१७ |
| २० दिवस | ६ | ५–७ | २४ | २.०० |
| ३० दिवस | ५ | ४–६ | १४ | १.१७ |

चार पिठांच्या भाकऱ्यांना मिळालेल्या पसंतीत सार्थक फरक आढळला (समान गुणांसाठी दुरुस्त केलेले χ² = २९.३१, स्वातंत्र्य मात्रा ३, परीक्षक १२, p < ०.००१). सात परीक्षकांनी प्रत्येकी एका जोडीला समान गुण दिले होते. ही दुरुस्ती केली नसती तर χ² चे मूल्य २७.६० आले असते. केंडॉलचा W ०.८१ आला, म्हणजे परीक्षकांचे क्रम एकमेकांशी मोठ्या प्रमाणात जुळतात.

फ्रीडमन चाचणी फरक आहे एवढेच सांगते, तो कोणत्या पिठांमध्ये आहे हे सांगत नाही. म्हणून सहाही जोड्यांची तुलना विल्कॉक्सनच्या चिन्हांकित क्रमांक चाचणीने केली. शून्य फरक वगळले, उरलेल्या फरकांच्या सर्व संभाव्य चिन्हमांडण्या मोजून दुबाजू अचूक p काढला आणि सहा तुलनांसाठी होल्म पद्धतीने दुरुस्त केला. गणन R मध्ये केले. `coin` या पॅकेजमध्ये शून्य फरकांची मूळ निवड प्रॅट पद्धतीची असल्याने ती मुद्दाम बदलावी लागली.

```r
friedman.test(gun ~ pith | parikshak, data = d)
wilcoxsign_test(a ~ b, distribution = "exact",
                zero.method = "Wilcoxon")
p.adjust(p, method = "holm")
```

| तुलना | शून्येतर फरक | W+ | W− | p | दुरुस्त p | क्रम-द्विपंक्तिक r |
|---|---|---|---|---|---|---|
| ताजे – १० | ९ | ३७ | ८ | ०.११३ | ०.११३ | ०.६४ |
| ताजे – २० | ११ | ६६ | ० | ०.००१० | ०.००३९ | १.०० |
| ताजे – ३० | १२ | ७८ | ० | ०.०००५ | ०.००२९ | १.०० |
| १० – २० | ११ | ६२ | ४ | ०.००७८ | ०.०२३ | ०.८८ |
| १० – ३० | १२ | ७८ | ० | ०.०००५ | ०.००२९ | १.०० |
| २० – ३० | १० | ५२ | ३ | ०.०११७ | ०.०२३ | ०.८९ |

ताज्या व १० दिवसांच्या पिठाची जोडी सोडल्यास बाकी पाचही तुलना सार्थक ठरल्या आणि त्या सर्वांत कमी साठवलेल्या पिठाची भाकरी अधिक आवडली. २० दिवसांचे पीठ दोन्ही बाजूंनी वेगळे पडते: १० दिवसांच्या पिठापेक्षा कमी पसंतीचे, ३० दिवसांच्या पिठापेक्षा जास्त. उलट कौल तुरळक आहेत. एका परीक्षकाने २० दिवसांच्या भाकरीला ७ आणि १० दिवसांच्या भाकरीला ६ गुण दिले, तर दुसऱ्या एकाने ३० दिवसांच्या भाकरीला ६ आणि २० दिवसांच्या भाकरीला ५ गुण दिले. हे गुण विश्लेषणात जसेच्या तसे ठेवले आहेत.

ताज्या आणि १० दिवसांच्या पिठात सार्थक फरक आढळला नाही, याचा अर्थ दोन्ही भाकऱ्या सारख्याच आवडल्या असा घेऊ नये. ज्या नऊ परीक्षकांनी या दोन भाकऱ्यांना वेगळे गुण दिले, त्यांपैकी सात जणांचा कौल ताज्या पिठाकडे होता आणि r ०.६४ आहे, बारा परीक्षकांच्या संख्येत एवढा कल योगायोगापासून वेगळा काढता आला नाही, इतकेच यातून म्हणता येते.

विल्कॉक्सन चाचणीबाबत एक आक्षेप रास्त आहे. ती गुणांतील फरकांनाच क्रमांक देते, म्हणजे ९ ते ७ हा फरक ७ ते ६ या फरकापेक्षा मोठा आहे असे गृहीत धरते; आणि हे गृहीतक वर सरासरी नाकारताना घेतलेल्या भूमिकेशी पूर्णपणे जुळत नाही. म्हणून फक्त कौलाची दिशा पाहणाऱ्या चिन्ह चाचणीनेही सहाही तुलना तपासल्या. १० व २० दिवसांच्या जोडीत १० विरुद्ध १ असा कौल (दुरुस्त p = ०.०३५), २० व ३० दिवसांच्या जोडीत ९ विरुद्ध १ (दुरुस्त p = ०.०४३) आणि ताज्या व १० दिवसांच्या जोडीत ७ विरुद्ध २ (p = ०.१८०) मिळाला. उरलेल्या तीन जोड्यांत एकही उलट कौल नसल्याने त्यांचे p बदलले नाहीत. कोणतीही तुलना सार्थकतेच्या रेषेपलीकडे सरकली नाही.

हे निकाल एका वाणाच्या एका पोत्याचे, एका हाताने थापलेल्या भाकऱ्यांचे आणि एका बैठकीचे आहेत. दमट हवेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा फ्रीजमध्ये ठेवलेल्या पिठाला ते लावता येणार नाहीत. कडवटपणा आणि कडा चिरणे यांपैकी नेमक्या कशामुळे पसंती घटली, हेही एकूण पसंतीच्या गुणांवरून वेगळे काढता येत नाही, कारण चव आणि पोत यांचे गुण स्वतंत्रपणे घेतलेले नव्हते.