॥ श्री गणेशाय नमः ॥ अनिकेत आणि मृण्मयी: लग्नाला यायचं हं!

गणराया ही पहिली अक्षत ठेवतो तुझ्या पायाशी,
मांडव अमुचा सांभाळी तू, लक्ष असू दे दाराशी.
मोदक खाउन झाले म्हणजे सांग उंदरा कानाशी,
रुखवत सोडुन कोठेही फिर, सलगी नकोच लाडूशी!

सप्रेम नमस्कार, वि. वि.

कुलदैवताच्या कृपेने आणि दोन्ही आज्यांच्या पाठपुराव्याने आमचा चि. अनिकेत आणि नागपूरची चि. सौ. कां. मृण्मयी यांचा शुभविवाह ठरला आहे.

साताऱ्याचा मुलगा अमुचा, नागपूरशी जोडी ही;
कंदी पेढा, संत्रा बर्फी, एका ताटी गोडी ही.
तिखट कुणाचे अधिक असावे, वाद चालला घरोघरी;
पाणी पाणी म्हणती दोघे, निकाल अखेर बरोबरी!

पुण्यात जमले दोघांचे हे, एका छत्रीखाली हो;
सरी थांबल्या, ऊन तापले, छत्री नाही मिटली हो.
तेव्हा कळले घरच्यांनाही, खर्च कशाचा येणार;
छत्रीपुरते भागत नाही, मांडव मोठा होणार!

हळद: शनिवार, 13 फेब्रुवारी 2027, सकाळी 10 वाजता
विवाह: रविवार, 14 फेब्रुवारी 2027, गोरज मुहूर्तावर, सायंकाळी 6 वाजून 32 मिनिटांनी
स्थळ: राहत्या घरासमोरील मांडव, शाहूपुरी, सातारा

(तारीख भटजींनी काढली आहे. तिचा गुलाबाच्या फुलांशी कोणी संबंध जोडू नये.)

सहा वाजुनी बत्तिस मिनिटे, मुहूर्त इतका चोख असे;
भटजी अमुचे घड्याळवाले, त्यांना थांबा म्हणू कसे?
पार्लर सुटले नाही अजुनी, सबब अशी मग चालेना;
'सावधान'ची वेळ टळे तर अक्षत कोणी वाटेना!

अक्षत टाका हलक्या हाते, नेम नको हो डोळ्यांचा;
मागुन येतो मारा तेव्हा जीव दडपतो मामांचा.
दाण्यादाण्यातुन हो द्यावा एवढाच वर दोघांना:
घरचे जेवुन उरोत पोळ्या अवचित आल्या लोकांना.

फोटो काढा, रील करा पण थोडे बाजुस उभे रहा;
आईबाबा मागे बसले, वळुन तयांना जरा पहा.
हार घालता मान वाकली, क्षण तो त्यांना दिसू द्या;
डोळ्यांमधले पाणी त्यांना गुपचुप थोडे पुसू द्या.

पाठ उखाणे करतो नवरा आरशापुढे तासाभर;
नाव विचारू नका अचानक, अडेल गाडी 'मृ'च्यावर!
जोडाक्षर हे अवघड आहे, नवरी म्हणते, शिकून घे;
जन्मभराचा विषय निघाला, शंभर वेळा लिहून घे.

नागपूरकर पाहुण्यांसाठी खास सूचना:

वऱ्हाड निघते नागपूरचे, रात्र रुळांवर काढून;
स्टेशनवरती चहा घेउनी काका देऊ धाडून.
ओळख पटण्या खूण सांगतो: पिवळा फेटा, मिशी अपार;
मिशीस दिसला चहा लागला, समजा झाला उशिर फार!

पंगत विवाहानंतर लगेच. बुफे नाही, पाट आहेत. गुडघे दुखणाऱ्यांसाठी टेबल-खुर्च्या मांडल्या आहेत, संकोच करू नये.

जिलबी, मठ्ठा, मसालेभात, पोट मोकळे आणावे;
पथ्य आपले सोमवारच्या वायद्यावरी टाकावे.
आग्रह करण्या आत्या बसली, नाही म्हणुनी दमाल हो;
हात आडवा धरता ताटी जिलबी झेलत रमाल हो!

आहेराचे पाकीट नको, पुष्पगुच्छही आणु नका;
सहा घड्याळे भिंतीवरती, अजुन सातवे टांगु नका.
वेळ तेवढा घेउन यावे, घड्याळ त्याला लागेना;
गप्पा जेव्हा रंगुन येती, काटा कोणी पाहेना.

बच्चेकंपनीचा आग्रह:

लग्न रविवारी! बुडली सुट्टी,
काकाशी आम्ही घेतली कट्टी.
घोड्यावर पुढे बसवीन म्हणाला,
बट्टी केली! तुम्ही या लग्नाला!

चपला चोरायला करवल्या टपल्या,
विचारा आम्हाला, कुठे लपवल्या.
चॉकलेट देईल त्यालाच सांगू,
नवरदेव म्हणाला तरी नाही ऐकू!

आपले नम्र: वराचे आईवडील, काका-काकू, आत्या, मामा-मामी आणि समस्त आप्तेष्ट. घाईगडबडीत कोणाला पत्रिका पोचली नसेल तर हीच पत्रिका समजून अगत्य यावे, आणि आल्यावर आम्हाला हक्काने रागवावे.

दोन्ही घरच्या आज्यांकडून:

भांडण झाले तर ते व्हावे चहा उकळण्यापुरतेच;
साखर कोणी विसरलेच तर हसू फुटावे चोरटेच.
दोन्ही आज्या पाठीशी अन् भक्कम चष्मे डोळ्यांवर;
चूक कुणाची असो, शेवटी खापर फुटते नातवावर!

(पद्ये जुळवली: वराची आत्या. यमक कुठे चुकले असल्यास पंगतीत कानात सांगावे, जिलबी वाढून मिळेल.)