शिफारसपत्र : साहित्य अनुवाद पाठ्यवृत्ती

नौपाडा, ठाणे

निवड समितीस,
सप्रेम नमस्कार.

मुक्ता तीन वर्षं आमच्यासाठी कन्नडमधून मराठीत अनुवाद करते आहे. पहिल्याच कथेत मी ‘अक्का’ खोडून ‘ताई’ केलं. तिने ते पुन्हा ‘अक्का’ केलं आणि समासात लिहिलं, ‘हा शब्द कन्नडमधूनच आपल्याकडे आलाय, त्याला परका का ठरवायचं?’ बरोबर होतं तिचं. (मला कबूल करायला दोन दिवस लागले.) खेड्यातली माणसं बोलू लागली की ती उगाच कोल्हापुरी ठसका घुसडत नाही, वाक्य मोठ्याने वाचून मगच ठेवते. मुदत मात्र हमखास चुकवते, कारण नोकरी सांभाळून रात्री लिहिते. तिला सलग वेळ हवा. निःसंकोच शिफारस करतो.

आपला,
ज्येष्ठ संपादक, अनुवाद विभाग